एकच कंट्रोलर, दोन व्हॉल्व्ह: हीटिंग-कूलिंग स्प्लिट रेंजमध्ये बदलाचा बिंदू कसा सांभाळायचा

प्रश्न: आमच्या जॅकेटेड रिअॅक्टरवर एकच टीआयसी स्टीम आणि कूलिंग वॉटर असे दोन्ही व्हॉल्व्ह चालवतो. आउटपुट ५०% च्या आसपास आलं की तापमान सारखं वरखाली होतं आणि कधीकधी दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे दिसतात. डेडबँड किती ठेवावा?

उत्तर:

डेडबँडचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवा. ५०% ला होणारं हंटिंग बहुतेक वेळा दोन कारणांनी असतं: शून्य कमांडला व्हॉल्व्ह खरोखर बंद होत नाहीत, किंवा दोन बाजूंची ताकद सारखी नसताना स्प्लिट मधोमध ठेवलेला असतो. ही कारणं तशीच ठेवून डेडबँड वाढवला तर हंटिंग थांबत नाही, फक्त त्याचा वेग मंदावतो.

इथे मी असं धरतो की जॅकेटमध्ये पंपाने पाणी फिरतंय आणि ते एका एक्स्चेंजरमध्ये स्टीमने तापतं, दुसऱ्यात कूलिंग वॉटरने थंड होतं. तुमच्याकडे एकाच जॅकेटमध्ये आळीपाळीने थेट स्टीम आणि थेट पाणी सोडत असाल, तर पुढचं काही लावू नका. तिथे मध्ये ड्रेन आणि व्हेंटचा पूर्ण सीक्वेन्स हवा, नाहीतर गरम जॅकेटमध्ये वॉटर हॅमर बसतो.

पहिली तपासणी वायरिंगची. दोन्ही पोझिशनर एकाच ४–२० एमए सिग्नलवर असतील आणि कूलिंगला ४–१२, स्टीमला १२–२० असं कॅलिब्रेशन फील्डमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हवरच केलेलं असेल, तर "दोन्ही उघडे" याचं उत्तर तिथेच मिळेल. दोनपैकी एका पोझिशनरचा झिरो थोडा जरी सरकला की १२ एमएच्या आसपास ओव्हरलॅप तयार होतो. शिवाय दोन पोझिशनर सिरीजमध्ये असल्याने आउटपुट कार्डवर व्होल्टेजचा ताण येतो, आणि एका ठिकाणी वायर सुटली की दोन्ही व्हॉल्व्ह हातचे जातात. माझ्या मते दोन स्वतंत्र अॅनालॉग आउटपुट घ्यावेत, प्रत्येक पोझिशनर पूर्ण ४–२० वर कॅलिब्रेट करावा आणि विभागणी डीसीएस किंवा पीएलसीमध्येच करावी. मग स्प्लिट बदलायला कुणाला शिडी चढावी लागत नाही.

हवा गेल्यावर स्टीम व्हॉल्व्ह बंद आणि कूलिंग व्हॉल्व्ह उघडा राहिला पाहिजे. उष्णता सोडणाऱ्या रिअॅक्शनमध्ये तर यात तडजोड नाहीच. त्यामुळे कूलिंग व्हॉल्व्हला सिग्नल उलटा लागतो. हा उलटा एकदाच करा. डीसीएसमध्येही उलटला आणि पोझिशनरमध्येही उलटला, ही चूक कमिशनिंगमध्ये सर्रास होते. ऑपरेटरच्या स्क्रीनवर मात्र नेहमी "किती उघडा" हेच दिसू दे.

आता पासिंग. रिअॅक्टरमध्ये नुसतं पाणी घ्या, सर्क्युलेशन पंप चालू ठेवा, लूप मॅन्युअलला टाकून दोन्ही व्हॉल्व्हना शून्य कमांड द्या आणि जॅकेटच्या तापमानाचा ट्रेंड अर्धा तास बघा. मग दोन्ही व्हॉल्व्हच्या आधीचे हाताचे ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करून तेच परत करा. दोन्ही ट्रेंड सारखे आले तर व्हॉल्व्ह ठीक आहेत. जो उतार दिसतोय तो पंपाची उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा. ब्लॉक केल्यावर तापमान चढायचं थांबलं, तर स्टीम व्हॉल्व्ह पास होतोय. अशा वेळी कंट्रोलर होल्डमध्ये सतत थोडं कूलिंग मागत राहतो आणि आउटपुट बदलाच्या बिंदूला चिकटून बसतो. सीट दुरुस्त करा आणि पोझिशनरमधला टाइट शटऑफ सुरू करा, म्हणजे एखाद्या टक्क्याखालच्या कमांडला व्हॉल्व्ह पूर्ण दाबून बंद होईल.

यानंतर मुद्दा येतो ताकदीचा. ज्या तापमानाला तुमचा होल्ड असतो, तिथेच चाचणी घ्या. कारण जॅकेट ९० अंशांवर असताना ३२ अंशांचं कूलिंग वॉटर जोरात खेचतं, आणि ४५ अंशांवर तेच पाणी मरगळतं. स्टीम व्हॉल्व्ह ३०% वरून ४०% करा आणि जॅकेटच्या तापमानाचा उतार किती बदलला ते ट्रेंडवरून मोजा. कूलिंगचंही तसंच करा. समजा स्टीमच्या १०% ने उतार मिनिटाला १.५ अंश बदलला आणि कूलिंगच्या १०% ने ०.५ अंश. म्हणजे स्टीम तिप्पट ताकदवान. स्प्लिट ५०% वर ठेवला, तर एका बाजूला कंट्रोलरला तिप्पट गेन दिसतो. स्टीमसाठी ट्यून केलं की कूलिंग सुस्त, कूलिंगसाठी ट्यून केलं की स्टीमवर हंटिंग.

उपाय असा की ताकदवान बाजूला जास्त रेंज द्यायची:

```
S = 100 * Kc / (Kc + Kh)
```

`Kc` म्हणजे कूलिंगचा गेन, `Kh` म्हणजे हीटिंगचा. आपल्या उदाहरणात १०० × ०.५ / २.० = २५. म्हणजे आउटपुट ० ते २५ मध्ये कूलिंग १००% वरून शून्यावर येतं आणि २५ ते १०० मध्ये स्टीम शून्यावरून १००% वर जातं. कूलिंगचा उतार चौपट होतो, स्टीमचा १.३३ पट, आणि कंट्रोलरला दोन्हीकडे सारखाच गेन दिसतो. विभागणी इतकीच:

```
IF OP < S - G THEN
  CW := (S - G - OP) * 100.0 / (S - G);
ELSE
  CW := 0.0;
END_IF;
IF OP > S + G THEN
  STM := (OP - S - G) * 100.0 / (100.0 - S - G);
ELSE
  STM := 0.0;
END_IF;
```

यातला `G` म्हणजे तुमचा अर्धा डेडबँड. तो मोठा का नको, हे हिशोबाने बघा. ट्रान्समीटर ०–१५० अंश, कंट्रोलरचा गेन १, इंटिग्रल वेळ ४ मिनिटं. १ अंशाची चूक म्हणजे ०.६७%. ती तशीच टिकली, तर इंटिग्रल आउटपुटला मिनिटाला ०.६७ / ४, म्हणजे साधारण ०.१७% हलवतो. एकूण डेडबँड ४% असेल तर तो ओलांडायला २४ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कुठलाच व्हॉल्व्ह काही करत नाही. तापमान सरकत जातं, दुसरा व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, तोवर इंटिग्रल पुढे गेलेला असतो, आणि तेच चक्र उलट दिशेने सुरू होतं. इक्वल परसेंटेज व्हॉल्व्हला सुरुवातीच्या काही टक्क्यांत फ्लो जेमतेमच असतो, त्यामुळे तुम्ही न मागताही थोडा डेडबँड आधीच मिळालेला असतो.

म्हणून व्हॉल्व्ह नीट बसत असतील तर `G` ०.५ ते १ च्या आत ठेवा. होल्डमध्ये लोड शून्याच्या जवळ असेल आणि व्हॉल्व्ह सीटवर अडकून सुटत असेल, तर मी उलट २-३% चा ओव्हरलॅप घेईन, म्हणजे `G` ऋण. या रचनेत स्टीम आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे किंमत फक्त थोड्या वाया जाणाऱ्या स्टीमची असते.

एवढं करूनही ट्रेंड हलला तर त्याचा आकार बघा. आउटपुट त्रिकोणी लाटेसारखं `S` च्या दोन्ही बाजूंना जात असेल, तर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा डेडबँड जास्त आहे. ट्यूनिंगला हात लावू नका. गुळगुळीत लाट फक्त एकाच बाजूला असेल, तर त्या बाजूचा प्रतिसाद उशिरा येतोय. मग त्या बाजूसाठी गेन आणि इंटिग्रल वेगळे ठेवा, पण ते `S` ओलांडताना चूक शून्याच्या जवळ असतानाच बदला, नाहीतर आउटपुटला धक्का बसतो.