फ्रेंचमध्ये जोर शब्दाला नसतो, जागेला असतो

प्रश्न: फ्रेंच बी-वन पर्यंत झालंय. लेखी परीक्षेत मार्क चांगले पडतात, पण बोलायला लागले की बाई म्हणतात, "शब्द बरोबर आहेत, पण एकेक दगड टाकत चालल्यासारखं बोलतेस." कुठल्या शब्दात कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा याची यादी किंवा नियम कुठे मिळतील? घरी मराठीच बोलतो, त्याचा हा परिणाम असेल का?

उत्तर:

अशी यादी मिळणार नाही, कारण फ्रेंच शब्दाला स्वतःचा कायमचा जोर नसतोच. इंग्रजी शब्दकोशात प्रत्येक शब्दावर आघाताची खूण असते. फ्रेंच शब्दकोशात उच्चार दिलेला असतो, पण आघाताची खूण नसते, कारण ती द्यायची गरज पडत नाही. जोर येतो तो एका दमात बोललेल्या शब्दांच्या गटावर, आणि त्या गटाच्या शेवटच्या अक्षरावर.

ही कल्पना आपल्याला परकी वाटते, पण तिची छोटी आवृत्ती मराठीत आहे. "दूध" म्हणताना ऊ लांब असतो. त्याला प्रत्यय लावून "दुधाचा" म्हणा, तो आखूड होतो. मूल-मुलाला, फूल-फुलात, गरीब-गरिबाला, सगळीकडे तेच. मागे काही जोडलं गेलं की आधीची लांबी निघून जाते. आपल्याकडे हे एका शब्दापुरतं आणि इकार-उकारापुरतं चालतं. फ्रेंचमध्ये ते अख्ख्या गटाला लागू होतं, आणि स्वर कुठलाही असला तरी.

कॉफी मागवून बघू. खाली जिथे ऽ आहे तिथेच आवाज लांबवायचा:

अं काफेऽ
अं काफे न्वाऽर

पहिल्यात "फे" लांब आहे. पुढे "न्वार" म्हणजे काळी हा शब्द आला आणि "फे"ची लांबी गेली, दूधचं दुधाचा झालं तशी. आता "सां स्युक्र" म्हणजे बिनसाखरेची असं जोडलं, तर सावकाश बोलणारा दोन गट करेल आणि "न्वाऽर"ची लांबी थोडी ठेवून पुढे "स्यूऽक्र"वर खरा शेवट करेल. घाईत असलेला सगळं एका दमात म्हणेल आणि लांबी फक्त "स्यूऽक्र"वर येईल. दोन्ही बरोबर. म्हणजे गट किती मोठा हे बोलणाऱ्याच्या वेगावर ठरतं, पण गट एकदा ठरला की जोर कुठे येणार हे ठरलेलंच. "स्युक्र"च्या शेवटी लिहिण्यात एक ए असतो, तो मुका. "घर" लिहून आपण "घर्" म्हणतो ना, तसाच. अशा मुक्या ए वर जोर येत नाही, तो त्याच्या आधीच्या अक्षरावर येतो. दक्षिण फ्रान्समध्ये हा ए ऐकू येईल असा उच्चारतात, तरीही जोर आधीच्याच अक्षरावर राहतो.

मी "जोर" म्हणतेय खरी, पण हा शब्द थोडा फसवा आहे. त्या अक्षरावर आवाज मोठा करायचा नसतो, ते लांबवायचं असतं. साधारण बाकीच्यांच्या दुप्पट. बाकीची अक्षरं जवळपास सारख्या लांबीची, आणि कुठलंही खाल्लं जात नाही. इथे मराठी माणूस इंग्रजी मातृभाषा असलेल्यापेक्षा सुखी आहे. तो जोर नसलेले स्वर चिरडतो, आपण चिरडत नाही.

मग आपलं कुठे बिघडतं? माझ्या मते सगळ्यात जास्त देवनागरीमुळे. आपण वहीत "पारी", "मादाम", "शोकोला" असं लिहून घेतो. काना दिसला की तोंड आपोआप दीर्घ होतं. "मादाम"मध्ये दोन काने, म्हणून दोन दीर्घ: माऽदाऽम. फ्रेंच कानाला तिथे दोन टोकं ऐकू येतात, म्हणजे दोन गट. तुमच्या बाईंना जे दगड दिसतात ते हेच असणार. पहिला "मा" कान्याने लिहिला तरी म्हणायचा आखूड: मादाऽम. मी विद्यार्थ्यांना वहीतले काने फक्त स्वर कळावा म्हणून वाचायला सांगते, आणि लांबीसाठी वेगळी खूण, ती गटात एकदाच.

वृत्तांची गोडी असेल तर असं बघा. लघु-गुरू मोजणारी आपली वृत्तं फ्रेंच कानाला परकी. पण अभंग जवळचा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. फ्रेंच कवितेतली बारा अक्षरांची जुनी प्रसिद्ध ओळ, आलेक्सांद्रँ, अशीच अक्षरं मोजून बांधतात आणि सहाव्या अक्षरानंतर थांबा घेतात. बोलताना डोक्यात अभंगाचा हिशेब ठेवा, श्लोकाचा नको.

घरच्या मराठीचा परिणाम आहेच, पण तो शब्दांच्या क्रमात जास्त आहे. आपण "घरातून" म्हणतो: वजनदार शब्द आधी, चिल्लर मागे. फ्रेंचमध्ये "दां ला मेझों" (घरात): चिल्लर आधी, वजनदार शब्द शेवटी. म्हणून आपली सवय गटाच्या सुरुवातीलाच ठसका द्यायची, आणि मग "दां" सुटा पडतो. दां, ला, अं, आ, झ, त्यू यांना शब्द समजू नका. ते उलट्या बाजूने लागलेले प्रत्यय आहेत. "तून" म्हणून आपण कधी थांबतो का? मग "दां" म्हणूनही थांबायचं नाही.

आता एक पूर्ण वाक्य घेऊ. "मारी मार्तीनबरोबर पॅरिसमध्ये राहते." फ्रेंच शब्द सुटे लिहिले तर: मारी, आबित, आ, पारी, आवेक, मार्तीन. असं शब्दागणिक म्हटलंत तर सहा तुकडे पडतात. खरं बोलणं असं:

मा-रीऽ | आ-बि-ता-पा-रीऽ | आ-वेक्-मार्-तीऽन

दोन, पाच आणि चार अक्षरं. टाळ्या वाजवून म्हणून बघा, सगळ्या सारख्या अंतराने, फक्त ऽ जिथे आहे तिथे हात थोडा वेळ जुळलेले. मधल्या गटात "आबित"चा त पुढच्या "आ"ला चिकटून "ता" झाला, हे लक्षात आलं असेल. मराठीत "घर आहे" भरभर म्हणताना "घराहे" होतं, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे ते घाईचं बोलणं, आणि फ्रेंचमध्ये सावकाश बोलतानाही तेच. हा त सुटा ठेवलात की गटाला आतून तडा जातो आणि मग शेवटच्या लांबीचा उपयोग होत नाही.

राहिला सूर. लांब झालेल्या अक्षरावरच सूरही हलतो, म्हणून तो वेगळा शिकावा लागत नाही. गट संपला पण वाक्य बाकी आहे, तर सूर वर. वाक्य संपलं, तर खाली. वरच्या वाक्यात पहिल्या "रीऽ"वर थोडा वर, दुसऱ्यावर जास्त वर, "तीऽन"वर खाली. ध्वनिशास्त्रज्ञ पियेर देलात्र यांनी १९६६ मध्ये फ्रेंच बोलण्यातल्या दहा मूळ सुरावटी मांडल्या. त्यात "पुढे चालू" सांगणाऱ्या या दोन चढांना, लहान आणि मोठ्या, वेगवेगळी जागा आहे. हो-नाही उत्तराच्या साध्या प्रश्नात सूर टोकाला वर जातो: "त्यू वियँऽ?" (येतोस?). आपल्यासारखा वेगळा "का" लावायची गरज नाही.

खाली उतरणारा शेवट मला फार उशिरा जमला. लियोंमध्ये असताना एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंना मी माझा फोन नंबर सांगत होते. फ्रान्समध्ये दहा आकडे दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात, प्रत्येक जोडी एक गट. मी पाचही जोड्या वर नेऊन थांबले. "बरं का" मनात ठेवून आपण बोलतो ना, तशी. त्या पेन धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "ए?" म्हणजे "आणि?" आकडे सगळे बरोबर होते, फक्त सुराने त्यांना सांगितलं होतं की अजून येणार आहे. तेव्हापासून नव्या विद्यार्थ्याला मी आधी स्वतःचा नंबर फ्रेंचमध्ये सांगायला लावते. चार जोड्या वर, पाचवी खाली. व्याकरण शून्य, त्यामुळे सगळं लक्ष लयीवर राहतं.

एक अडचण पुढे येईल, म्हणून आताच सांगते. "मी केलं" यात "मी"वर भर द्यायचा तर आपण "मीच" म्हणतो. इंग्रजीत नुसता आवाज चढवून भागतं. फ्रेंचमध्ये "झ" (मी) हा प्रत्ययासारखा, त्यावर जोर बसत नाही. म्हणून वाक्यच फिरवतात: "से म्वाऽ | कि ले फेऽ". "म्वा"ला गटाच्या टोकावर आणलं की त्याला जोर मिळतो. आपला "च" जे काम करतो ते फ्रेंच माणूस जागा बदलून करतो. "म्वाऽ, झ..." हे सारखं ऐकू येतं तेही याचसाठी, आपल्या "मी तर..." सारखं.

"फॉर्मिदाब्ल" किंवा "अँक्र्वायाब्ल" असं उत्साहाने म्हणताना सुरुवातीच्या एखाद्या अक्षरावर ठसका ऐकू येतो, बातम्या देणारे तर तो सढळ हाताने वापरतात. तो भावनेचा ठसका, आणि तो आला तरी टोकाची लांबी जागेवरच असते. सध्या तुम्ही तो वापरू नका. आपल्या मूळ सवयीशी तो इतका जुळतो की लगेच प्रत्येक शब्दावर पसरतो.

सराव उलट्या बाजूने करा. आधी फक्त "मार्तीऽन", खालच्या सुरात. मग "आवेक्मार्तीऽन". मग "आबितापारीऽ | आवेक्मार्तीऽन". शेवटी मारी. पुढून सुरुवात केली की शेवटाला पोचेपर्यंत दम आणि लक्ष दोन्ही संपतं, आणि बिघडतं नेमकं तिथेच. मागून बांधत आलात तर शेवट सगळ्यात जास्त वेळा म्हटला जातो.

फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना शब्द ऐकूच नका, लांब अक्षरं मोजा. वरच्या वाक्यात ती तीन हवीत. पाच-सहा आली तर वहीतले काने वाचले गेले. तीनच आली पण "आबित" आणि "आ" यांच्यात फट ऐकू आली तर त चिकटलेला नाही. संगणकावर Praat हे मोफत सॉफ्टवेअर घेतलंत तर लांबी आणि सुराची रेघ डोळ्यांनी दिसते. "तीऽन"वर ती रेघ उतरतेय का, एवढंच बघायचं.