किटली आणि थंड ताट: आधी हे बघून घ्या

पाऊस कसा पडतो ते वर्गात दाखवायला उकळत्या किटलीच्या वाफेवर बर्फ ठेवलेलं ताट धरायचं. ताटात बर्फ सुटा टाकू नका, पिशवीत बांधून ठेवा. नाहीतर खालून थेंब पडला की पोरं म्हणणार, “सर, बर्फाचंच पाणी गळलं!” ताट स्टीलचं घ्या, चिमट्याने जरा तिरकं धरा, थेंब घरंगळत एकमेकांत मिसळतात, जड झाले की पडतात. ढगातले बारीक थेंबही असेच मोठे होतात. वाफेजवळ मुलांचे हात जाऊ देऊ नका.

किटलीच्या तोंडाशी काहीच दिसत नाही, पांढरं धुकं थोडं पुढे सुरू होतं. ते मुलांना दाखवाच. खरी वाफ तिथे, न दिसणाऱ्या जागेत असते. पांढरं दिसतं ते पाण्याचे कण, म्हणजे ढगच.

आता खरी अडचण. मुलं समजतात की समुद्र उकळतो आणि सह्याद्री ताटासारखा गार असतो. दोन्ही चूक. समुद्राचं पाणी न उकळताच वाफ होतं. नैऋत्येचा दमट वारा घाटाला अडून वर चढतो, वर दाब कमी म्हणून पसरतो आणि पसरताना स्वतःच गार होतो. पलीकडे उतरताना तो तापतो, म्हणून महाबळेश्वरला धो धो आणि पुण्यात त्या मानाने फारच कमी. हे मात्र ताटावर दिसत नाही, फळ्यावर डोंगर काढूनच सांगा.