आठ वर्षांची इलेक्ट्रिक गाडी आणि वॉरंटीचे उरलेले सहा महिने

प्रश्न: आठ वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार आहे. 96,000 किलोमीटर चाललीय. मालक म्हणतात, बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची आहे, सहा महिने शिल्लक आहेत आणि ती माझ्या नावावर होईल. बॅटरीची क्षमता 74 टक्के दाखवतेय. माझं रोजचं जाणं-येणं 60 किलोमीटर. नवी बॅटरी टाकायची तर गाडीच्या किमतीच्या सव्वापट खर्च सांगतात. माझ्या मुदत ठेवी गाडीच्या किमतीच्या पावणेदोनपट आहेत. ठेव मोडून हीच घेऊ, की थोडं कर्ज काढून दीडपट किमतीची, तीन वर्षांनी नवीन असलेली तीच गाडी घेऊ?

उत्तर: जुनीच घ्या, कर्ज नको, पण मागितलेल्या किमतीला नाही आणि वॉरंटीच्या भरवशावर तर मुळीच नाही.

गाडी आठ वर्षांची आणि वॉरंटी सहा महिने शिल्लक, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी शक्य आहे. वॉरंटीचं घड्याळ गाडी कारखान्यातून निघाल्यावर सुरू होत नाही, पहिल्या ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावर होतं. शोरूमच्या आवारात गाडी सहा-सात महिने पडून राहिली असेल तर तेवढी मुदत तुमच्या पदरात पडते. डेमो म्हणून वापरली गेली असेल तर मात्र घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून चार गोष्टी लेखी मागा: वॉरंटीची सुरुवात कधीची, दुसऱ्या मालकाला ती तशीच लागू आहे का, मालकी बदलल्याचं किती दिवसांत कळवावं लागतं, आणि बॅटरी आधी कधी बदलली आहे का. बहुतेक बॅटरी वॉरंट्या गाडीला चिकटलेल्या असतात, माणसाला नाही. पण काही योजनांत पहिल्या मालकाला मिळणारी वाढीव मुदत दुसऱ्याला मिळत नाही. गाडी दुसऱ्या देशातून आणलेली, पुरात सापडलेली किंवा अपघातानंतर विम्यात निकाली काढलेली असेल, तर वॉरंटी बहुधा गेलेलीच समजा.

चौथा प्रश्न उगीच नाही. शेवरोले बोल्टच्या 2017 ते 2022 या मॉडेलांवर आगीच्या धोक्यामुळे रिकॉल आला, म्हणजे कंपनीने त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि त्यात अनेक गाड्यांना नव्या बॅटऱ्या मिळाल्या, नव्या आठ वर्षांच्या वॉरंटीसह. अशी गाडी कागदावर म्हातारी असली तरी बॅटरीने तरुण असते. उलटही घडतं: निसान लीफच्या सुरुवातीच्या 24 किलोवॅट-तासांच्या गाड्यांना क्षमतेची हमी आठ नव्हे, पाचच वर्षांची होती. सगळ्यांना आठच वर्षं असतात असं गृहीत धरू नका.

आता खरा मुद्दा. वॉरंटीत दोन वेगळी आश्वासनं असतात. एक बिघाडाचं: एखादा सेल किंवा मॉड्यूल निकामी झालं तर दुरुस्ती. दुसरं क्षमतेचं: मुदतीत क्षमता ठरलेल्या रेषेखाली, बहुतेक ठिकाणी 70 टक्क्यांखाली, गेली तरच. तुमची बॅटरी 74 वर आहे. सहा महिन्यांत फार तर एक-दीड टक्का घसरेल. म्हणजे क्षमतेच्या आश्वासनाची तुमच्यासाठी किंमत जवळपास शून्य. मला तर ही सगळ्यात अवघड जागा वाटते: बॅटरी थकलेली आहे, पण दावा लागण्याइतकी नाही. याच गाडीची क्षमता 69 टक्के असती तर मी जास्त उत्साहाने सल्ला दिला असता. अर्थात दाव्यानंतरही कंपनी नवी कोरी बॅटरी देईलच असं नाही. अनेक अटींनुसार फक्त रेषेच्या वर आणून देणं एवढंच तिचं काम असतं.

पण 74 हा आकडा खरा आहे का? स्क्रीनवरचा किंवा गाडीच्या ओबीडी सॉकेटला जोडलेल्या अ‍ॅपचा आकडा हा गाडीच्या संगणकाचा अंदाज असतो, आणि काही गाड्यांत तो रीसेट करून चढवताही येतो. मालकाला विचारून गाडी 100 टक्के चार्ज करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि सौम्य हवामानात, एसी बंद ठेवून, 20 टक्के उरेपर्यंत संथ चालवा. समजा 136 किलोमीटर झाले आणि सरासरी खर्च 100 किलोमीटरला 15.5 युनिट दिसला. म्हणजे 80 टक्क्यांत सुमारे 21 युनिट गेले. पूर्ण बॅटरी झाली साधारण 26.4 युनिट. नवी असताना वापरता येणारी क्षमता 40 युनिट असेल तर ही बॅटरी 66 टक्क्यांवर आहे, 74 वर नाही. या पद्धतीत तीन-चार टक्के इकडेतिकडे होतात, आणि कंपनी हा पुरावा मानणार नाही. पण असा आकडा आला तर पुढची पायरी ठरते: मालकानेच, त्याच्याच नावावर असताना, सर्व्हिस सेंटरमध्ये क्षमता चाचणी करून घ्यावी आणि रेषेखाली निघाली तर दावा नोंदवावा. निकाल लागेपर्यंत पैसे देऊ नका. त्याच वेळी चार्ज 20 टक्क्यांच्या आसपास असताना सगळ्या सेलांचे व्होल्टेज वाचायला सांगा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली असेल तर तो साऱ्या बॅटरीला मागे खेचणार. हा बिघाडाच्या आश्वासनात बसू शकतो, आणि त्यासाठी सहा महिने पुरेसे आहेत.

आकडा खरोखर 74 निघाला असं धरू. नवी असताना प्रत्यक्षात 250 किलोमीटर जाणारी गाडी आज 185 जाईल. बॅटरी पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जास्त घसरते, मग वेग मंदावतो. साधारण वर्षाला 2 टक्के धरायला हरकत नाही. उन्हात आणि पूर्ण चार्जवर उभी राहणारी, रोज फास्ट चार्जरवर जाणारी गाडी जास्त घसरेल, म्हणून वाईटात वाईट 3 टक्के धरतो. पाच वर्षांनी 64 टक्के, म्हणजे 160 किलोमीटर. वाईट बाजूने 59 टक्के, म्हणजे 147. रोज 80 ते 20 टक्क्यांदरम्यान वापरलीत तर हातात 96 किंवा 88 किलोमीटर. थंडीत किंवा भर पावसात हीटर-एसीमुळे तिसरा हिस्सा गेला तर 64 किंवा 59. तुमच्या साठाला जेमतेम. अशा दिवशी 100 टक्के चार्ज करा, प्रश्न मिटतो. गाडी गावी न्यायची असेल तर मात्र ही गाडी तुमच्या कामाची नाही.

आता हिशेब. गाडीची किंमत 100 धरा. पाच वर्षांनी 15 ला गेली तर दरवर्षी 17 खर्च. नवीन गाडी 150 ची, पाच वर्षांनी 45 ला गेली तर दरवर्षी 21, वर कर्जाचं व्याज. विक्रीचे दोन्ही आकडे माझे अंदाज आहेत. म्हणजे साडेतीन वर्षांच्या वॉरंटीसाठी तुम्ही एकूण 20 आणि व्याज मोजता. ही वाईट खरेदी नाही. कर्ज नसतं तर मी तिकडे झुकलो असतो.

सव्वापट बॅटरीचा आकडा घाबरवतो, पण तुम्ही 125 घालायला बांधील नाही. बॅटरी पूर्ण गेली तर गाडी भंगारात द्या; तोटा जास्तीत जास्त 100 वजा भंगार. हा तोटा सोसता येतो का, एवढाच प्रश्न. ठेवी 175, त्यातून 100 गेल्या तर 75 उरतात. त्यात सहा महिन्यांचा घरखर्च बसत नसेल तर तूर्त थांबा. बसत असेल तर चाचणीत 74 निघाल्यास मी 85 पासून बोलणी सुरू करीन आणि 90 च्या वर जाणार नाही. 70 च्या जवळपास निघाली आणि मालक दावा करायला तयार नसेल, तर 75.