फोनवरची मुलाखत आणि कानाचं मशीन

बेटा,

पुण्याच्या कंपनीने पहिली फेरी फोनवर ठेवलीय आणि तू विचारतेस, कानाच्या मशीनचं आधी सांगू की नंतर. आधीच सांग, कारण फोनवर ओठ दिसत नाहीत. प्रश्न अर्धवट ऐकू आला की तुझं उत्तर भलतीकडे जाईल आणि समोरच्याला वाटेल, पोरीला विषयच येत नाही.

हे सगळ्यांनाच लागू नाही. नंदुरबारकडच्या सिकलसेल असलेल्या मुलाला मुलाखतीत काहीच बदल नको असेल, तर तिथे आजाराचा विषय काढायची गरज नाही. मुलाखतीत काही वेगळं हवं असेल तरच बोलावं, एवढाच माझा हिशोब आहे.

सांगताना ऑडिओग्राम जोडू नकोस, कधीपासून कमी ऐकू येतं तेही लिहू नकोस. काय हवं तेवढंच, ईमेलवर, दोन-तीन दिवस आधी:

"मी कानाचं मशीन वापरते. फोनवर बोलणं मला स्पष्ट कळत नाही. कृपया ही फेरी कॅमेरा चालू ठेवून व्हिडिओ कॉलवर घ्यावी आणि शक्य असल्यास प्रश्न चॅटमध्येही लिहावेत. सकाळची वेळ मिळाली तर सोयीचं होईल."

सकाळ मुद्दाम मागायची. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कूलर बंद ठेवून बसवत नाही, आणि मशीन त्याची घरघरही बोलण्याबरोबर मोठी करतं. कॅप्शन चालू ठेव, पण सगळी भिस्त त्यांवर नको. मराठी-इंग्रजी मिसळून बोललं की त्यात शब्द हमखास चुकतात. म्हणूनच चॅट मागितलंय.

"हो, अ‍ॅडजस्ट करू" एवढंच उत्तर आलं तर ते पक्कं धरू नकोस. "व्हिडिओची लिंक कधी येईल?" असं विचार. लिंक हातात आली की समज काम झालं.

दिव्यांग हक्क कायदा 2016 खासगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवायला सांगतो. पहिल्या ईमेलमध्ये कलमं टाकू नकोस, नकार आला तर ते धोरण मागून घे. या कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान 60 डेसिबलपासून धरलंय. तुझं त्याहून कमी भरलं तरी व्हिडिओ कॉल मागायला कुणी अडवत नाही. सरकारी नोकरीत राखीव जागा हवी असेल तर मात्र दिव्यांग प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि अर्जातच तसं नोंदवावं लागतं.

निवड झाल्यावर तब्येतीचा फॉर्म आला, तर त्यात खरंच लिही. तिथे लपवलेलं पुढे नोकरीवर येऊ शकतं.

आणि ठरल्या वेळी लिंकऐवजी फोनच वाजला, तर उचलून एवढंच म्हण, "मी व्हिडिओसाठी लिहिलं होतं, पाच मिनिटांत लिंक पाठवता का?" तोच मजकूर लगेच ईमेलवरही टाक. तोवर एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस.

तुझा,
सर