अविश्वासातून पाळला गेलेला करार

*"एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, मग अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने आयएनएफ करार पाळला कसा? आणि नंतर तो मोडला का?"*

विश्वासावर काही सोडलंच नव्हतं. ८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी सही केली, ती जमिनीवरून डागायची ५०० ते ५,५०० किमी पल्ल्याची सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करण्यासाठी. युरोपातली ही क्षेपणास्त्रं काही मिनिटांत लक्ष्यावर पोचत. इतक्या कमी वेळात इशारा खरा की खोटा हे ठरवायचं कसं? 'आधी आपणच डागावं' हा मोह त्यातूनच येतो, आणि तिथे 'तू मारलंस तर मीही मारेन' या धाकाचं गणित कोसळतं.

खरी अडचण होती सोव्हिएत रशियातल्या व्होटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्यात. तिथे बंदी आलेलं एसएस-२० बनायचं आणि बंदी नसलेलं, आंतरखंडीय एसएस-२५ सुद्धा. दोघांचा पहिला टप्पा, म्हणजे सगळ्यात खालचा इंजिनाचा भाग, बाहेरून जवळजवळ सारखा. शिवाय क्षेपणास्त्र कारखान्यातून निघतं ते बंद नळकांड्यात. मग आत काय आहे हे कळणार कसं?

म्हणून अमेरिकन निरीक्षक थेट कारखान्याच्या फाटकाशी मुक्कामाला गेले. करारात एका वेळी ३० जणांपर्यंत मुभा होती. क्षेपणास्त्र मावेल एवढी गाडी बाहेर पडली की तिचं माप घ्यायचं. वर्षातून आठ वेळा नळकांडं उघडून दाखवा असं सांगायचा हक्क होता. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही क्षेपणास्त्रं वेगळी होती, म्हणून तेवढा भाग क्ष-किरणांनी पाहायचा. मार्च १९९० मध्ये या यंत्रावरूनच जुंपली. यंत्र ठरल्यापेक्षा जास्त दाखवेल ही सोव्हिएत बाजूची शंका, आणि तपासणी न होताच क्षेपणास्त्रं फाटकाबाहेर गेली. तरी करार तुटला नाही, वाटाघाटींनी तोडगा निघाला. सोव्हिएत निरीक्षकही अमेरिकेत युटामधल्या मॅग्ना इथे असेच बसले होते, हे लोक विसरतात. जून १९९१ पर्यंत दोघांची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली, त्यातली १,८४६ सोव्हिएत.

पण ही तपासणी १३ वर्षांपुरतीच होती. मे २००१ मध्ये फाटकं रिकामी झाली, बंदी मात्र कायम राहिली. माझ्या मते करारातली सर्वात मोठी फट हीच. पुढे रशियाच्या ९एम७२९ या क्रूझ क्षेपणास्त्रावर अमेरिकेने बोट ठेवलं. पल्ला ५०० किमीच्या आत आहे असं रशिया म्हणत राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याने नळकांडं व वाहन प्रदर्शनात मांडलंही. पण उभं क्षेपणास्त्र पाहून पल्ला कळत नाही. तो इंधन किती मावतं आणि चाचणीत ते किती लांब उडतं यावरून ठरतो. अमेरिकेचे अधिकारी ते पाहायला गेलेच नाहीत, आणि २ ऑगस्ट २०१९ ला करार संपला. १९९० च्या भांडणात निदान दोन्ही बाजूंची माणसं एकाच फाटकाशी उभी होती, एकच नळकांडं समोर ठेवून.