केळी रायपनिंग चेंबरच्या कमिशनिंग रिपोर्टवर सही करण्याआधी

प्रश्न: रावेर तालुक्यात 10 टनांचं केळी रायपनिंग चेंबर नवीन बसवलंय. मशीनवाल्याने इन्स्टॉलेशन-कमिशनिंग रिपोर्ट भरून आणला, 22 पॉइंट आहेत आणि सगळ्यांपुढे 'ओके' लिहिलंय. चेंबर थंड होतंय. तो सही मागतोय. करू का?

उत्तर:

भाऊ, आज करू नका. त्या माणसाला चहा पाजा, आणि ज्या ज्या पॉइंटला काहीतरी मोजता येतं तिथे आकडा लिहून मागा. आकड्याशेजारी तो कधी घेतला, कोणत्या मीटरने घेतला, तेव्हा बाहेर किती तापमान होतं आणि चेंबर रिकामं होतं की भरलेलं, हेही यायला हवं. मी जळगाव-धुळ्याकडे चौदा वर्षं चेंबर आणि कोल्ड रूमची कामं बघतोय, आधी बसवणाऱ्यांकडून आणि आता मालकांच्या बाजूने. वर्षभराने भांडण झालं की हाच कागद टेबलावर येतो. 'ओके' वरून तेव्हा कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही.

सुरुवात सेन्सरपासून करा. केळीचा सगळा खेळ दोन अंशांचा आहे. पिकवताना गाभ्याचं तापमान साधारण 14 ते 18 अंशांच्या मध्ये ठेवतो आणि 13 च्या खाली फळ गेलं की त्याला थंडी बाधते. साल राखाडी, निस्तेज पडते, सालीखाली तपकिरी रेघा दिसतात आणि पिवळा रंग नीट चढत नाही. म्हणजे कंट्रोलर दोन अंश खोटं बोलत असेल तर माल गेला, आणि स्क्रीनवर मात्र सगळं बरोबर दिसत राहणार.

माझ्यासमोर हे घडलंय. यावलजवळच्या एका चेंबरच्या पहिल्याच लोडला केळी अशी राखाडी आली. व्यापारी म्हणाला माल कच्चा कापला, शेतकरी म्हणाला चेंबर खराब. रिपोर्टमध्ये 'टेम्परेचर सेन्सर: ओके' होतं. मी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरला, फटी भरतील इतकंच स्वच्छ पाणी ओतलं, ढवळलं, आणि सेन्सर तळाला न टेकवता मधोमध धरून पाच मिनिटं थांबलो. अशा बर्फ-पाण्याचं तापमान शून्य असतं, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कंट्रोलर दाखवत होता 2.1. म्हणजे स्क्रीनवर 14 असताना आत 12 च्या आसपास होतं.

कारण वायरिंगमध्ये सापडलं. सेन्सर पीटी-100 जातीचा, तीन वायरींचा. पॅनल लांब पडलं म्हणून फिटरने अर्धा चौरस मिलिमीटरची दोन कोअरची केबल जोडून ती बारा मीटर वाढवली होती, आणि तिसऱ्या वायरीच्या जागी कंट्रोलरवरच तुकडा टाकून जंपर मारला होता. या सेन्सरमध्ये एका अंशाला साधारण 0.385 ओहम बदलतो. बारा मीटर जाऊन-येऊन त्या केबलचा रोध सुमारे 0.8 ओहम होतो, आणि कंट्रोलर त्यालाच दोन अंश समजतो. तिसरी वायर त्यासाठीच असते, केबलचा रोध वजा करायला. तीन कोअरची केबल टाकली, पुन्हा बर्फात धरला, 0.1 आला. तुमच्याकडे जितके सेन्सर आहेत तितक्यांची ही तपासणी तुमच्यासमोर करून घ्या, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येकापुढे 'बर्फात आलेलं वाचन' असा आकडा लिहून घ्या. पाव-अर्धा अंश फरक कंट्रोलरच्या ऑफसेटमधून घालवता येतो, पण घातलेला ऑफसेटही लिहा, नाहीतर उद्या कंट्रोलर बदलला की तो हरवतो.

आता थंड करणाऱ्या गॅसची लाइन. तांब्याचे पाइप तुमच्या जागेवर ब्रेझिंग करून जोडलेत, म्हणजे गॅस भरण्याआधी कोरड्या नायट्रोजनने प्रेशर टेस्ट झालेली असणार. ती आता पुन्हा करता येणार नाही, पण तिची नोंद मागा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे थंडीत दुपारी 30 आणि पहाटे 12 असं होतं. बंद पाइपात 20 बारवर नायट्रोजन ठेवला तर एवढ्या फरकाने गळती नसतानाही गेज पहाटे सव्वा बारच्या आसपास खाली दाखवतो, आणि दुपारी पुन्हा वर येतो. म्हणून दाबाशेजारी त्या वेळचं तापमान नसेल तर ती नोंद वाचताच येत नाही. 'संध्याकाळी 20, सकाळी 20' असं लिहिलेलं असेल तर मी तरी ते मोजून लिहिलंय असं मानणार नाही. सकाळी 18.8 लिहिलं असेल आणि पुढे तापमान असेल, तर त्या फिटरवर माझा विश्वास बसतो.

त्यानंतरच्या व्हॅक्यूमचंही तसंच. पंपाने आतला दाब 500 मायक्रॉनच्या खाली ओढायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि थांबून बघायचं. काटा वर चढून कुठेतरी थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे. किती ओढलं आणि किती वेळाने किती झालं, असे दोन आकडे हवेत. आणि व्हॅक्यूममध्ये असताना कॉम्प्रेसरला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याची नोंद असेल तर त्याला जरूर विचारा, कारण त्या अवस्थेत व्होल्टेज दिलं की आत ठिणगी उडून वाइंडिंग खराब होऊ शकतं.

आता तुम्ही लिहिलंय ते 'चेंबर थंड होतंय'. रिकामं चेंबर थंड होणारच, त्यात फक्त हवा आणि भिंती आहेत. दहा टन केळी 32 अंशांवर आत आली आणि ती 16 वर आणायची, तर साधारण दीडशे युनिट एवढी उष्णता बाहेर काढावी लागते. बारा तासांत काढायची म्हटलं तर सरासरी साडेबारा किलोवॅट, म्हणजे मशीनच्या मापात साडेतीन टन रेफ्रिजरेशनपेक्षा जरा जास्त, आणि तेही फक्त फळासाठी. पंख्यांची, भिंतींची आणि फळाच्या श्वसनाची उष्णता यावर वेगळी. केळी पिकायला लागली की तिचं श्वसन एकदम वाढतं आणि ती स्वतः गरम होते. मशीनची खरी परीक्षा तेव्हाच होते.

म्हणून कमिशनिंगचे दोन भाग करा, रिकामी चाचणी आणि भरलेली चाचणी. भरलेल्या चाचणीत किमान सहा कॅरेटमधल्या केळ्यांत प्रोब टोचून ठेवा. दाराजवळ आणि मागच्या भिंतीला, वरच्या आणि खालच्या थरात, आणि उरलेले दोन प्रोब थप्पीच्या अगदी मधोमध. दर दोन तासांनी सहाही आकडे लिहा. हवेचं तापमान 16 झालं तरी मधल्या कॅरेटचा गाभा 24 वर रेंगाळत असेल, तर हवा कॅरेटमधून न जाता बाजूच्या फटीतून पळतेय. तिथे मशीन मोठं करून उपयोग नाही. थप्पीची मांडणी आणि ताडपत्री नीट करा, पुन्हा वाचन घ्या. मग एक बाजू पिवळी आणि एक हिरवी असा माल निघत नाही.

याच लोडमध्ये केळी पिकवणारा इथिलीन गॅस 100 पीपीएमच्या आसपास राहतो का, ते वेगळ्या मीटरने बघा. गॅस दिल्यानंतर हवा बदलायचा पंखा चालवून कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या खाली येतो का, तेही. आणि स्वतः आत उभं राहून दार लावून घ्या, बाहेर एक माणूस ठेवून. आतल्या बाजूचं हँडल दार उघडतं का ते बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. हवा बदलल्याशिवाय आत कोणी जायचं नाही, हे दारावर लावलेलं असावं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो उन्हाळ्यावरून. तुमचं मशीन थंडीत चालू झालंय. कंडेन्सरला बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त गरम राहावं लागतं, तेव्हाच तो उष्णता बाहेर टाकू शकतो. आज 27 अंशांना तो 40 वर काम करतो. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे 44-45 होतं, पत्र्याजवळ त्याहून जास्त, आणि तेव्हा त्याला 57-60 वर जावं लागतं. दाब वाढतो, कॉम्प्रेसरचे अँपिअर वाढतात, आणि दुपारी दोनला हाय प्रेशर कटआउट मशीन बंद करतो. नेमका तेव्हा आत पिकत असलेला माल असतो. आज तुम्ही दोन गोष्टी करू शकता. कटआउट किती दाबाला सेट आहे ते लिहून घ्या आणि कंडेन्सरवर पुठ्ठा हळूहळू सरकवत दाब वाढवून तो खरंच त्याच आकड्याला ट्रिप होतो का ते फिटरकडून दाखवून घ्या. शिवाय तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर, दोन्ही बाजूंचे दाब आणि बाहेरचं तापमान, हे सगळं एकाच वेळेचं एका ओळीत लिहून घ्या. मे महिन्यात हीच ओळ पुन्हा भरली की कोणाला काही सांगायची गरज पडत नाही.

सहीबद्दल. बसवणाऱ्याची सही, तुमची सही आणि प्रत्येक वाचन ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याची छोटी सही, अशा तीन जागा ठेवा. तुमचा चेंबर सांभाळणारा मुलगा रात्री वाचनं घेत असेल तर त्याचीच सही तिथे हवी, तुमची नको. बाकी राहिलेल्या कामांची यादी त्याच कागदाच्या मागे, प्रत्येकापुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजतात ते ऑर्डरमध्ये बघा. बिलाच्या तारखेपासून असेल तर बोलून बदलून घ्यायचा प्रयत्न करा. कमिशनिंगपासून असेल तर तुमची सहीच वॉरंटीचा पहिला दिवस ठरवते, म्हणून सही भरलेल्या चाचणीनंतरची हवी.

तो फारच मागे लागला, 'साहेबांना आजच पाठवायचंय' म्हणाला, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने एवढं लिहा आणि फोटो काढून ठेवा: 'रिकाम्या चेंबरची चाचणी पाहिली. सेन्सरची बर्फ तपासणी, 10 टन मालासह चाचणी आणि मे महिन्यातली वाचनं बाकी. ती होईपर्यंत कमिशनिंग पूर्ण धरू नये.'