अमोनिया-फ्री रंग लावूनही खाज आली, तर यादीत नक्की काय शोधायचं?

प्रश्न: "अमोनियाच्या रंगाने डोकं चुरचुरायचं, डोळ्यांतून पाणी यायचं म्हणून या वेळी अमोनिया-फ्री रंग आणला. लावताना काहीच झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानामागे आणि मानेवर खाज सुटली, लाल पुरळ आलं, चार-पाच दिवसांनी गेलं. आता हर्बल घ्यावा का? यादीत काय बघायचं? आणि पॅच टेस्ट २४ तासांची की ४८?"

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराची अर्धी वाट आहे, कारण त्रास कधी झाला हे तुम्ही नीट लिहिलं आहे. लावताना लगेच चुरचुरणं आणि दीड दिवसाने पुरळ उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

अमोनियाचं काम रंग देणं नाही. तो मिश्रण अल्कधर्मी करतो. त्यामुळे केसाचं वरचं खवल्यांचं आवरण फुगून सैल होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड कामाला लागतं. तो हवेत उडतो, म्हणून नाकात जातो, डोळे झोंबतात, टाळू चुरचुरते. ही जळजळ आहे, आणि ती धुतल्यावर शमते. अमोनिया काढल्यावर तुमची ही तक्रार गेली, म्हणजे तेवढ्यापुरती तुमची निवड बरोबर होती.

दुसऱ्या दिवशीचं पुरळ मात्र ॲलर्जीसारखं दिसतं. अशी ॲलर्जी त्वचेतल्या प्रतिकारपेशींमार्फत येते. त्या पेशींना जमा व्हायला वेळ लागतो, त्यामुळे लक्षणं साधारण एक ते तीन दिवसांनी दिसतात. कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला आणि पापण्यांवर ती जास्त उठून दिसतात, कारण टाळूची कातडी जाड असते आणि रंगाचं पाणी धुताना तिथूनच ओघळतं. केसांच्या कायमच्या रंगाने होणाऱ्या या ॲलर्जीला बहुतेक वेळा अमोनिया नव्हे, तर रंग तयार करणारी द्रव्यं कारणीभूत असतात. खोक्यावर 'अमोनिया-फ्री' छापलं म्हणून ती आत नसतात असं होत नाही.

आता यादी. कायमच्या रंगाच्या खोक्यात दोन गोष्टी असतात, रंगाची ट्यूब आणि डेव्हलपर, आणि दोन्हींच्या याद्या वेगवेगळ्या छापलेल्या असतात. डेव्हलपरची यादी छोटी असते: पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडं आम्ल, जाडसरपणा आणणारी द्रव्यं. ॲलर्जीसाठी तिथे फार वेळ घालवू नका. नजर ट्यूबवर ठेवा.

एक नमुन्याची यादी घेऊ, अमोनिया-फ्री गडद तपकिरी रंगाची: पाणी, सेटेअरिल अल्कोहोल, इथेनॉलअमीन, टोल्युईन-२,५-डायअमीन सल्फेट, रिसॉर्सिनॉल, एम-अमिनोफिनॉल, सोडियम सल्फाइट, ॲस्कॉर्बिक आम्ल, सुगंध. पहिली दोन क्रीमचा आधार आहेत. सेटेअरिल अल्कोहोल हे मेणासारखं स्निग्ध द्रव्य आहे, नावातल्या अल्कोहोलला घाबरायचं कारण नाही. इथेनॉलअमीन हा अमोनियाचा बदली. तो उडत नाही म्हणून वास येत नाही, पण उडत नाही म्हणूनच डोक्यावर टिकूनही राहतो. टाळू आधीच ओरबाडलेली असेल तर तोही झोंबू शकतो. सोडियम सल्फाइट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल हे ट्यूबमधला रंग हवेने काळवंडू नये म्हणून घातलेले असतात.

आता उरलेली तीन नावं बघा. टोल्युईन-२,५-डायअमीन, रिसॉर्सिनॉल आणि एम-अमिनोफिनॉल ही रंगद्रव्यं आहेत. तुमच्यासाठी कळीचं आहे ते पहिलं नाव. ते पी-फेनिलीनडायअमीनच्या, म्हणजे पीपीडीच्या, घरातलंच आहे. खोक्यावर 'पीपीडी-फ्री' असं लिहिलेलं असेल, तर पीपीडीच्या जागी बहुतेक वेळा हेच बसलेलं असतं. दोन्हींची रासायनिक घडण इतकी जवळची आहे की पीपीडीची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना याचीही ॲलर्जी येते. म्हणून मी ज्यांना ज्यांना यादी वाचायला शिकवते, त्यांना सांगते की 'पीपीडी' ही तीन अक्षरं शोधू नका. 'डायअमीन' आणि 'अमिनोफिनॉल' असं ज्या नावाच्या शेवटी येतं, ते प्रत्येक नाव शोधा, पुढे सल्फेट जोडलेलं असलं तरीही.

आणखी एक नाव अलीकडे काही रंगांत दिसतं: २-मेथॉक्सीमेथिल-पी-फेनिलीनडायअमीन. नव्याने ॲलर्जी जडण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून ते बनवलं गेलं आहे आणि त्या बाबतीत ते पीपीडीपेक्षा बरं आहे. पण ज्यांना ॲलर्जी आधीच जडली आहे त्यांच्यातल्या काहींना त्यानेही त्रास होतो. त्यामुळे सध्या तरी ते तुमच्या यादीत 'चालेल' या रकान्यात टाकू नका.

यादीतल्या क्रमाचाही एक फसवा भाग आहे. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, पण १ टक्क्याच्या खालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. तेव्हा एखादं डायअमीन शेवटून तिसरं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ॲलर्जी असलेल्या त्वचेला तेवढंही पुरतं. शिवाय एकाच मालिकेतल्या दोन छटांच्या याद्या वेगळ्या असू शकतात, आणि रंग जितका गडद तितकी ही द्रव्यं साधारणपणे जास्त. म्हणून तुम्ही घेणार त्याच छटेची यादी वाचा.

हर्बलचं विचारलंत. शुद्ध मेंदीच्या यादीत एकच नाव असतं, लॉसोनिया इनर्मिस. पांढऱ्या केसांवर ती फक्त केशरी-तांबूस रंग देते, काळा कधीच देत नाही. तपकिरी-काळ्यासाठी तिच्यानंतर नीळ लावतात, तिचं नाव इंडिगोफेरा टिंक्टोरिया. नीळ कालवल्यावर लवकर लावावी लागते आणि तिचा रंग पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होत जातो. तेव्हा पाण्यात कालवून अर्ध्या तासात काळेभोर केस देणारी 'काळी मेंदी' दिसली की पाकीट उलटं करा. तशा पावडरींत पीपीडी आणि त्याला पेटवणारं बेरियम पेरॉक्साइड असतं. तांबड्या 'मेंदी'त सोडियम पिक्रामेट घातलेलं आढळतं, तेही झाडाचं नाही. आणि ज्या पाकिटावर यादीच नाही ते तुमच्यासाठी नाहीच, मग पुढे पानाफुलांची चित्रं कितीही असोत. घरात कोणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असल्याचं निदान झालं असेल, तर त्यांनी मेंदीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

मेंदी नको असेल तर बिना-डेव्हलपरचे रंग आहेत. त्यांत 'बेसिक', 'एचसी' किंवा 'डिस्पर्स' अशा शब्दांनी सुरू होणारी आणि पुढे रंगाचं नाव व आकडा असलेली द्रव्यं असतात, जसं बेसिक ब्लू ९९ किंवा एचसी यलो २. ती तयार रंगाची असतात, केसाच्या बाहेरच्या थरांत बसतात आणि काही धुण्यांत उतरतात. पांढरे केस ती पूर्ण झाकत नाहीत, फक्त मिसळून टाकतात. यांचीही ॲलर्जी कधीकधी येते, पण डायअमीनची ॲलर्जी असलेल्यांना अनेकदा एवढीच वाट उरते. पाकिटात डेव्हलपरची बाटली निघाली तर मात्र तो कायमचा रंगच आहे असं समजा आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचा.

पॅच टेस्ट ४८ तासांची. २४ तासांत पाहून 'काही नाही' म्हणणाऱ्यांची फसगत होते, कारण ही प्रतिक्रिया मुळातच उशिरा येते. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमची आताची लक्षणं पाहता, कोणत्याही डायअमीनवाल्या रंगाची पॅच टेस्ट घरी करू नका. जिथे एकदा पुरळ उठलं आहे, तिथे पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरात येऊ शकते. ती तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडे करायची. ते पीपीडीचं ठरावीक प्रमाण, सहसा व्हॅसलीनमध्ये १ टक्का, आणि केसांच्या रंगातली इतर द्रव्यं पाठीवर पट्ट्यांनी चिकटवतात. पट्ट्या दोन दिवसांनी काढून एकदा पाहतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. नेमकं कोणतं द्रव्य नको हे कळलं की पुढची प्रत्येक यादी वाचणं सोपं होतं. तपासणीआधी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पाठीवर स्टेरॉइडचं मलम सुरू असेल तर तसं सांगा, त्याने प्रतिक्रिया दबते.

घरची टेस्ट तुम्ही डायअमीन नसलेल्या रंगासाठी करा, आणि तीही पुरळ पूर्ण गेल्यानंतर, नितळ त्वचेवर. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे नखाएवढ्या जागेवर पातळ थर लावा. किती वेळ ठेवायचा आणि कशात मिसळायचा हे त्या खोक्यातल्या पत्रकाप्रमाणे करा, कारण सूचना वेगवेगळ्या असतात. पट्टी बांधू नका. मेंदी किंवा तयार रंग त्वचेला डाग देतोच, तेव्हा नुसत्या डागाकडे पाहून घाबरू नका आणि डागाखाली लाली लपते हेही विसरू नका. बोट फिरवून बघा: त्वचा उंच, खडबडीत किंवा गरम लागते का, खाज आहे का, बारीक पाण्याचे फोड दिसतात का. यातलं काहीही असेल तर रंग धुऊन टाका आणि तो पुन्हा वापरू नका. ४८ तासांनंतरही दोन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवा.

या टेस्टची मर्यादा अशी की ती फक्त आधीच जडलेली ॲलर्जी दाखवते. एखाद्या द्रव्याची नवी ॲलर्जी त्वचेत तयार व्हायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून तोच रंग पुन्हा आणला तरी टेस्ट दर वेळी करायची, आणि यादीही दर वेळी वाचायची, कारण कंपन्या घटक बदलतात.

चेहरा सुजला, पापण्या मिटायला लागल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. तशी वेळ नसेल तर आत्ता एवढं करा: या वेळी वापरलेल्या खोक्याच्या दोन्ही याद्यांचा आणि छटेच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. खोकं फेकलं असेल तर त्याच छटेची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. त्वचारोगतज्ज्ञ सर्वांत आधी तेच मागतील.